पंधरा डोकी, चौदा नावं

आजोबांच्या, म्हणजे चांगदेवांच्या, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला आमच्या चार पिढ्यांचा फोटो निघाला. नारायणगावच्या फोटोवाल्याने बजावलं, "ताई, खाली चारच ओळी बसतील." घरात कागदपत्रं मीच बघते. त्यामुळे नावं लिहायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

मी आधी नियम केले. बसलेले, मग उभे, मग पुढची मुलं, सगळे डावीकडून. मानपान बघितला तर आमच्या खोडद गावात महाभारत झालं असतं. 'व परिवार' लिहायचं नाही, कारण त्या परिवारात नेमक्या बायका आणि पोरं गडप होतात. आणि शेवटी डोकी मोजायची, मग नावं.

पेन्सिलीने कच्चं लिहून कागद टीव्हीजवळ ठेवला, कुणाचं चुकलं असेल तर सांगतील म्हणून. संध्याकाळी मोजलं तर डोकी पंधरा, नावं चौदा. बसलेल्यांत बायडाबाईंच्या, म्हणजे आजीच्या, पुढचं झुंबर आत्याचं नाव कुणीतरी खोडून टाकलं होतं.

माझा संशय थेट रविंद्र काकांवर गेला. आत्या बारा वर्षांपूर्वी डिंभ्याचं सासर सोडून आली, ती इथेच राहिली. मागच्याच आठवड्यात काका म्हणाले होते, "झुंबरीचं आडनाव कोनचं लावनार? तिकडचं लावलं तर ती लोकं हसतील, आपलं लावलं तर भावकी इचारंल."

मी तडक गोठ्यात गेले. "काका, आत्याचं नाव तुम्हीच खोडलंत ना?"

"बोललो व्हतो, कशाला नाय म्हनू? पर कागदाला हात लावला न्हाई."

मला काडीचंही पटलं नाही. पुरावाच दाखवावा म्हणून कागद पुन्हा उजेडात धरला. घडीत हिरव्या रबराचा चुरा अडकला होता. आमच्या घरात हिरवं खोडरबर एकाच पिशवीत असतं, आत्याच्या. आत्या अंगणवाडीत मदतनीस आहे. मी कागद घेऊन चुलीपाशी गेले.

"ऱ्हाऊ दे गं तेजू," आत्या भाकरी थापता थापताच म्हणाली. "समद्यांच्या पुढं आडनाव हाय. माझ्या पुढं मोकळंच. तसं दिसन्यापरीस नसलेलं बरं."

मी कागद पाहिला. चौदा नावांना आडनाव, आणि एका नावापुढे बोटभर जागा मीच ठेवली होती, नंतर ठरवू म्हणून. काकांवर डूख धरून हिंडत होते, आणि चूक माझीच होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी सगळीच आडनावं काढली. आजोबांचंसुद्धा.

"आरं, मग घरान्याचं नाव?" काका तणतणले.

"घराणं फोटोत दिसतंय की, काका."

चारऐवजी तीनच ओळी झाल्या. फ्रेम आली तेव्हा आत्याने पीठ लागलेले हात पदराला पुसले. काचेवर बोट ठेवून तिने आधी डोकी मोजली, मग नावं. 'बायडाबाई'च्या पुढच्या नावावर बोट जरा थांबलं, मग शेवटपर्यंत गेलं.

"पंधरा," ती म्हणाली.