अर्चनाची बरणी

अर्चनाचं नाव काढलं की माझं डोकं उठतं. वय तीस ते पस्तीस, बोईसरला टू बीएचके, स्कूटी, रविवारी मासळी. ही बाई अस्तित्वातच नाही. आमच्या सुक्या जवळ्याच्या चटणीचं नमुन्याचं गिऱ्हाईक म्हणून जाहिरातवाल्या सुजितने तिला कागदावर जन्माला घातलं, आणि मी मान डोलावली.

अर्चनाला सोसत नाही म्हणून तिखट कमी केलं. अर्चनाला ओट्यावर देखणी वस्तू हवी म्हणून छोटी पाकिटं बंद करून काचेची बरणी आणली. दोन महिन्यांत खप निम्म्यावर आला. दांडी गावात रत्नाबाईंच्या हाताखाली अकरा बाया चटणी करायच्या, त्यातल्या सहा घरी बसल्या. आणि सुजित म्हणतो, "रूपालीताई, अर्चनापर्यंत आपण अजून पोहोचलोच नाही. आणखी बरण्या काढू. शुक्रवारपर्यंत हो म्हणा."

मी तडक एमआयडीसी नाक्यावर, आमचा माल ठेवणाऱ्या मितेशभाईंच्या दुकानात जाऊन बसले. जो जुनं पाकीट मागेल त्याला थांबवायचं आणि विचारायचं: शेवटचं घेतलंत त्या दिवशी काय झालं होतं? त्याआधी काय खात होतात? आता काय घेता?

साताऱ्याकडचे खंडेराव, बावन्न वर्षांचे, लेथवर काम करणारे. "कॅन्टीनची डाळ म्हंजे पिवळं पाणी. आधी कांदा फोडायचो. मग लोणचं नेलं, ते लॉकरात सांडलं. पाकीट बरं होतं. फाडलं, खाल्लं, फेकलं. आता फरसाण."

पाड्यावरून पॅकिंगच्या कामाला येणारी नवसी, विशीतली. "सकाली भाजीला येल नाय मिलत. नुसता भात उतरत नाय."

स्वतःच्या गाडीने येणारी लॅबमधली वैभवी. तिचा डबा खानावळीचा, बेचव.

वय, गाव, पगार, काहीच जुळेना. जुळत होती ती अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी आणि घशाखाली न उतरणारं जेवण. आमची चटणी त्या कामाला लागत होती. तिची स्पर्धा दुसऱ्या चटणीशी नव्हतीच, कांद्याशी आणि फरसाणाशी होती.

"मग बरणी का नाही घेतलीस?" मी नवसीला विचारलं.

"कंपनीच्या गेटावर काच नाय सोडीत."

"मी सुजितभाईंना सांगितलेलं," मितेशभाई म्हणाले. "ते बोलले, कामगार आपलं गिऱ्हाईक नाय."

मला सुजितचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. अर्चनाचा कागद पुन्हा काढला. वय माझं, फ्लॅट माझा, स्कूटी माझी. आणि माझ्या ओट्यावरची बरणी दोन महिने सीलबंद.

सुजितला 'नाही' असं कळवलं आणि रत्नाबाईंना फोन लावला. "पाकिटं परत सुरू करू. तिखट पहिल्यासारखंच. सहाही जणींना बोलवा."

"चौगी येतीन," त्या म्हणाल्या. "दोगी कंपनीत लागल्या, पॅकिंगला. परवाच ईचारत होत्या, आपली पाकिटं परत कवा येनार. तितलं जेवान उतरत नाय म्हनं."