शेवटचा शब्द

अध्यक्षांनी वाक्य संपवलंय, असं सोसायटीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांची युक्ती साधी होती. पूर्णविरामापाशी ते थांबतच नसत, श्वास घ्यायचे तो वाक्याच्या मधोमध, 'आणि म्हणूनच' म्हणून झाल्यावर. 'आणि म्हणूनच'नंतर कुठला सभ्य माणूस मध्ये बोलेल? लिफ्ट दोन पावसाळे बंद होती. पण ते विचारायला फट मिळाली नाही, म्हणून अध्यक्ष दर वर्षी बिनविरोध निवडून येत.

मग त्यांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण स्वरतंतू हलवणारी एक नस दुखावली. एक तंतू बाजूला पडून राहिला, कमिटीतल्या इतर सदस्यांसारखा. बोलताना दोन तंतू जुळेनात आणि हवा फुसकन निसटून जाई. आवाज कुजबुजीवर आला, चार-पाच शब्दांत दम संपू लागला. घरात शांतता पसरली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, काळजीचा चेहरा केला. तो फार वेळ टिकला नाही.

रुग्णालयातल्या वाचा-उपचार विभागात थेरपिस्ट बाईंनी त्यांच्या ओठांत बारीक नळी दिली आणि 'पा पा पा' म्हणायला लावलं. "'प'ला ओठ मिटतात, तंतू उघडे असतात. त्या क्षणी तंतूंच्या खालचा दाब तोंडात मोजता येतो."

"किती आहे?"

"नेहमीच्या बोलण्याला लागतो त्याच्या जवळजवळ दुप्पट."

अध्यक्ष काकूंकडे विजयी नजरेने पाहू लागले.

"कौतुक नाही हो हे," बाई म्हणाल्या. "नळ गळका आहे आणि तुम्ही पंप जोरात चालवताय. जितका जोर लावाल, तितकी हवा जास्त वाया. तंतूत इंजेक्शन दिलं की फट भरेल, पण त्याची तारीख पुढच्या महिन्यातली. तोवर वाक्यं लहान करा. पूर्णविरामाला थांबा, पोटापर्यंत श्वास घ्या, मग पुढचं. श्वास संपत आला की दाब पडतो, आवाजही पडतो. महत्त्वाचा शब्द शेपटाला ठेवू नका."

सोसायटीची वार्षिक सभा आठवड्यावर होती. बाईंनी भाषणाचा कागद मागून घेतला आणि जागोजागी उभ्या रेघा मारल्या. प्रत्येक रेघ म्हणजे एक श्वास.

"एवढ्या ठिकाणी थांबलो तर लोक बोलतील ना!" अध्यक्ष हादरून पुटपुटले.

"बोलू द्या की," काकू म्हणाल्या.

सभेच्या दिवशी खजिनदारांनी माइक पुढे केला. अध्यक्षांनी तो हाताने सारला. आजवर लागला नव्हता, आता घेतला तर लोक काय म्हणतील? पहिल्या रेघेपाशी मात्र ते शहाण्यासारखे थांबले. श्वास आत जातोय तोच तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "लिफ्टचं काय झालं?" आत जाणाऱ्या श्वासावर माणूस उत्तर देऊ शकत नाही. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कागद खिशात कोंबला, छाती भरून घेतली आणि सगळा जोर लावून, स्वल्पविरामांना चोरटे श्वास घेत, जुन्या पद्धतीने सुटले:

"इतकी वर्षं तुम्ही जो विश्वास टाकलात, त्याला स्मरून, या वयात, या तब्येतीत, कुणाचीही भीड न ठेवता, आज मी स्पष्ट सांगतो, की हे अध्यक्षपद मी सोडणार..."

'नाही' आलं. ओठ हलले, हनुवटीही ठामपणे हलली. पण त्या शब्दापाशी पोहोचेपर्यंत छातीत हवाच उरली नव्हती.

मग टाळ्या झाल्या. इतक्या मनापासून टाळ्या त्यांना कधीच मिळाल्या नव्हत्या. श्वास भरून ते "नाही, नाही" म्हणू लागले, पण टाळ्यांच्या खाली ती कुजबुज कुणाला ऐकू जाणार? पहिल्या रांगेला थोडीफार गेली.

"पाहा, किती नम्र!" खजिनदारांनी डोळे पुसले. चिटणिसांनी राजीनामा आभारासह मंजूर केला. जाता जाता नवे अध्यक्षही निवडले, तळमजल्यावरचे डॉक्टरच.

घरी जिना चढताना अध्यक्ष प्रत्येक मजल्यावर थांबत होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कळलं होतं ना? मी काय म्हणालो ते?"

"कळलं होतं," काकू म्हणाल्या.

"मग सांगायचं ना त्यांना!"

"टाळ्या थांबायची वाट बघत होते." काकूंनी त्यांच्या हातातली छत्री घेतली. "चला, हळू. पाणी देते घरी गेल्यावर."

इंजेक्शन झालं, फट भरली, आवाज बराचसा परतला. पुढच्या तपासणीला थेरपिस्ट बाईंनी दोन वाक्यं बोलायला सांगितली.

"पुढच्या वर्षी मी निवडणूक लढवणार आहे." अध्यक्ष थांबले. छान, खोल श्वास घेऊ लागले.

"मीही," काकू म्हणाल्या.

बाई मशीनकडे पाहत म्हणाल्या, "श्वास अगदी योग्य जागी घेतलात हं."