बुत्साच्या पोटावरचा हात

ग्रादिमिरकाका उंच, शिडशिडीत आणि साठी ओलांडूनही ताठ, आणि याचा त्यांना भयंकर अभिमान. सर्बियातल्या नोवी सादच्या रंगभूमीवर त्यांनी उभी हयात राजपुत्र, सरदार आणि प्रेमात वाया गेलेले डॉक्टर रंगवले. अलीकडे मात्र त्यांना निरोप घेऊन येणाऱ्या नोकराचीच कामं मिळत. गेल्या हंगामात तर तीही मिळाली नाहीत. म्हणून ते आमच्या कंपनीच्या व्हिडिओ गेममध्ये बुत्सा झाले.

बुत्सा म्हणजे तळघरात राहणारा एक खवीस. उंची टेबलाएवढी, पोट पिंपाएवढं, पाय आखूड आणि हात थेट घोट्यापर्यंत. काकांना असल्या ध्यानाचं काम का दिलं, असं मला विचारू नका. आमचा साहेब बोश्को यानं त्यांचा आवाज ऐकला आणि अंग बघायचं विसरला.

अंगाचं निस्तरणं माझ्याकडे आलं. काकांनी काळा घट्ट पोशाख घालायचा, त्यावर चकाकणारे गोळे चिकटवायचे, चहूबाजूंचे कॅमेरे ते टिपणार, संगणक त्यातून काकांचा सांगाडा उभा करणार आणि मी ती हालचाल बुत्साच्या अंगात उतरवणार. ताडाचं माप घेऊन भोपळ्याला सदरा शिवायचा, असा हा माझा धंदा.

प्रसंग साधा होता. बुत्साच्या घरी सण, तो यजमान. त्यानं चालत पिंपाकडे जायचं, राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, पेला भरायचा, पाहुण्यांकडे बघायचं आणि समाधानानं पोटावर हात ठेवायचा.

पहिल्या खेपेला मी काकांच्या सांध्यांचे कोन जसेच्या तसे बुत्साला दिले आणि कंबरेचा प्रवासही तसाच ठेवला. पाय आखूड, पावलं टीचभर आणि अंग चाललंय काकांच्या ढांगेनं. बुत्सा फरशीवरून घसरत निघाला. मग मी पायांच्या लांबीच्या प्रमाणात प्रवास तिपटीनं कमी केला. पाय जमिनीला धरले, पण बुत्सा खोलीच्या मध्यावरच थांबला. तिथे नसलेल्या पिंपातून त्यानं पेला भरला आणि भिंतीला दुवा दिली.

"पिंप लांब न्या," मी म्हटलं. "तिप्पट लांब."

"मी काय पोस्टमन आहे?" काका म्हणाले. पण गेले. दालन पुरेना, म्हणून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरके चालले. चालणं सुधारलं.

तरी बुत्सा कुबड काढून फिरत होता आणि त्याची बोटं फरशी झाडत होती. कारण मला नंतर कळलं. सुरुवातीला हात पसरून सरळ उभं राहायचं असतं, संगणक तेच माप शून्य धरतो. नेमक्या त्या वेळी काकांनी श्वास रोखून, पोट आत ओढून, छाती पुढे काढली होती. पुढे त्यांनी श्वास सोडला की संगणकाला वाटायचं, माणूस वाकला.

आणि पोटावरचा हात. काकांच्या सपाट पोटावर तो छान बसायचा. बुत्साचा हात कोपरापर्यंत पोटात गडप व्हायचा. मी तो ओढून पोटाच्या कातडीवर आणला, तर कोपर पंखासारखं वर उचललं गेलं. डेन्मार्कहून काम बघणारी दिग्दर्शिका पडद्यावरून म्हणाली, "ही कोंबडी का उभी आहे?" मग तिनं बोश्कोला सांगितलं की आज दुपारपर्यंत जमलं नाही, तर कोपनहेगनमध्ये एक गुटगुटीत विनोदी नट मोकळा आहे.

"काकांना सांगू नकोस," बोश्को मला म्हणाला.

मला हे पटेना. माणसाच्या पायाखालची सतरंजी निघतेय, तर त्याला निदान कळू तरी द्यावं. मी सांगितलं.

दालनाच्या कडेला त्यांची बायको, पेर्सिदाकाकू, मांडीवर पिटाचा, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या खाऊचा, डबा घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी काकांना गाडी चालवायला बंदी केल्यापासून त्या त्यांना बसनं आणत आणि नेत.

"हे माझं शेवटचं काम ठरेल, विदा," काका मला म्हणाले. "यानंतर मला कोणी बोलावणार नाही."

"मग पोट लावा."

"चाळीस वर्षं मी पोट आत धरलंय."

"म्हणूनच तर बुत्सा वाकतोय," मी म्हटलं. अंमळ जास्तच लागलं असावं.

मी मोठा पडदा त्यांच्यासमोर वळवला आणि बुत्साला त्यांच्या हालचालीशी थेट जोडलं. काकांनी हात उचलला, बुत्सानं उचलला. काकांनी पोटावर हात नेला, बुत्साचा हात पोटात बुडाला. काकांनी हात काढला आणि पुन्हा ठेवून बघितला. मग मागे वळून म्हणाले, "पेर्सिदा, तुझा कोट दे."

"कशाला?"

"दे ग. प्रश्न विचारू नकोस."

काकूंचा कापूस भरलेला जाडजूड कोट आम्ही गुंडाळून त्यांच्या पोटावर पट्ट्यांनी घट्ट बांधला. कंबरेवरचे पुढचे गोळे झाकले गेले, म्हणून मी ते कुल्ल्यांच्या बाजूंना सरकवले. आता माप पुन्हा घ्यावं लागणार होतं.

"सरळ उभे राहा, पण खरे," मी बजावलं.

काकांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. एकदम ते म्हातारे दिसले. मी माप घेतलं.

मग ते चालू लागले. ते टाचांवर भार देऊन, मागे झुकून, पाय फाकवून चालत होते. पेला भरला. तो छातीशी धरून एकेका पाहुण्याकडे नजर टाकली, कुणाचं ताट रिकामं तर नाही ना अशी. बसले नाहीत. आमच्याकडे स्लावाच्या दिवशी, घरच्या संताच्या सणाला, यजमान बसत नाही. पाहुणे जेवतात आणि तो दिवसभर उभा असतो. पेला पिंपावर ठेवून एक हात त्यांनी दुखऱ्या कमरेमागे नेला. दुसरा पोटाच्या पुढे न ठेवता वर ठेवला, फळीवर काहीतरी ठेवावं तसा.

पडद्यावर बुत्साचा हात पोटावर अलगद टेकला. जिथे टेकायला हवा तिथेच. कोपर खाली राहिलं. मला थोडंफारच सरकवावं लागणार होतं.

"हाच," डेन्मार्कची बाई म्हणाली. "कोपनहेगनच्या माणसाला नाही म्हणून कळवते." बोश्कोनं माझ्याकडे असं बघितलं, जणू हे सगळं त्याच्याच डोक्यातून निघालं होतं.

काका हसत वळले, कौतुकाची वाट बघत. काकू हसत नव्हत्या. पिटाचा डबा मांडीवरून घसरला होता, तो त्यांनी उचललाही नव्हता.

"हे बाबा आहेत," त्या म्हणाल्या. "माझे बाबा."

काका पोशाखाच्या चेनशी चाळा करू लागले.

"दर स्लावाला तू त्यांच्या पोटाची टिंगल करायचास," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, तू त्यांच्याकडे नीट बघतसुद्धा नाहीस."

"बघायचो," काका म्हणाले. "तुझ्या आत्यांनी सगळ्या खुर्च्या धरलेल्या असायच्या. मीही दिवसभर त्यांच्या शेजारीच उभा असायचो."

काकूंनी मला तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मी लावला. मग त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा पडद्यावरचा खवीस यजमान झाला, तेव्हा त्या रडत होत्या आणि मलाही नीट दिसेना.

निघताना पोशाख बदलून झाला, तरी काकूंनी कोट परत मागितला नाही. बाहेर कडाक्याची थंडी होती. खिडकीतून मी पाहिलं, बसथांब्यावर काकू काकांचा कोट घालून उभ्या होत्या. काकांनी काकूंचा कोट स्वेटरखाली पोटावर कोंबला होता, ते टाचांवर भार देऊन उभे होते आणि हात पोटाच्या वर ठेवला होता.