मालक हजर आहेत का?

गल्लीतली लहानथोर माणसं तिला वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनी शिवणकाम करायची आणि नवरा स्कूटरवरून गावभर कुरिअर वाटायचा, तेही बोडक्या डोक्याने. वहिनीने पदरचे पैसे घालून त्याला लालभडक हेल्मेट आणून दिलं होतं. "डोकं उकडतं गं," एवढं म्हणून त्याने ते दारामागच्या खिळ्याला अडकवलं, प्लास्टिकच्या पिशवीसकट. मग एका सकाळी चौकातल्या वळणावर तो घसरला आणि डोक्यावर पडला. स्कूटरला साधा ओरखडासुद्धा आला नाही. माणूस गेला आणि पत्रा राहिला, याचा वहिनीला फार राग होता.

पण राग धरून पोट भरत नाही. रेडिमेड कपड्यांच्या दुकानदाराने तिला बाराही महिन्यांचं काम द्यायचं कबूल केलं, एकाच अटीवर: गठ्ठे तिने स्वतः पोचवायचे. लायसन्स तिच्याकडे होतं, स्कूटर जिन्याखाली साखळीने बांधून ठेवलेली होती. नडत होतं ते नाव. गाडी अजून नवऱ्याच्या नावावर होती, आणि नोंदणी कार्यालयाने सांगितलं, आधी थकलेली चलनं मिटवा, मग वारसाच्या नावाचं बघू. तेवढ्यात चलनं तडजोडीने मिटवण्यासाठी कोर्टाचं खास शिबिर भरणार असल्याचं कळलं. हे काम झालं नाही तर दुकानदार दुसरी शिंपीण बघणार होता.

शिबिराच्या दारासमोर झेरॉक्सच्या दुकानात धाकट्या दिराने कागद एकेक करून वर-खाली केले. दीर नळदुरुस्तीवाला, त्यामुळे गळती कुठे होईल हे आपल्याला आधी कळतं असं त्याला वाटायचं.

"आरसी, विमा, पीयूसी, दादाचं लायसन्स, तुझं ओळखपत्र, चलनांची प्रिंट. मूळ कागद वेगळे, झेरॉक्स वेगळ्या. आणि हे काय?"

"मृत्यूचा दाखला."

"तो आत ठेव, वहिनी. दाखवलास की वारसाचे कागद मागतील, पुढची तारीख देतील, आणि घोडं तिथेच पेंड खाईल. मालक आला नाही तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र चालतं. मी लिहून आणलंय. खाली दादाची सही तेवढी कर."

वहिनीला हे पटलं नव्हतं, तरी तिने पेन घेतलं. तिने आजवर नवऱ्याची सही कधी केली नव्हती. पेन कागदाला टेकलं आणि सही सरसर उमटली. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळली, खाली तिरकी रेघ आली, रेघेखाली दोन टिंबं पडली. पेन थांबलं तेव्हा वहिनीने ते चटका बसल्यासारखं खाली टाकलं.

"हुबेहूब!" दीर म्हणाला. मग त्याने सहीकडे पुन्हा पाहिलं आणि कागदावरचा हात मागे घेतला.

आत मोठं दालन होतं. टोकन घेतलेली माणसं बाकांवर जांभया देत बसली होती. एक रिक्षावाला शेजाऱ्याला बजावत होता, "इथे दंड कमी होऊ शकतो, पण एकदा मिटलं की मिटलं. नंतर 'तो मी नव्हेच' म्हणायची सोय नाही." एवढ्या गर्दीत वहिनीच्या डाव्या बाजूची जागा मात्र मोकळीच होती. लोक यायचे, तिथे बसायला वाकायचे आणि काय वाटायचं कोण जाणे, पुढे निघून जायचे.

शिपायाने दारात येऊन नवऱ्याचं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट. वहिनी बसूनच राहिली. त्याने दुसऱ्यांदा पुकारलं. इतक्या महिन्यांत त्या नावाने कोणी मोठ्याने हाक मारली नव्हती. तिसऱ्या वेळी शिपाई तिच्याकडेच बघत म्हणाला, "अहो बाई, तुमचे मालक कुठे गेले? आत्ता तर इथे बसले होते की, तुमच्या शेजारी."

वहिनीने डावीकडे पाहिलं. बाक रिकामा होता.

दिराने तिला जवळजवळ ओढतच आत नेलं. टेबलामागे न्यायाधीश मॅडम होत्या आणि बाजूला संगणकावर कारकून. मॅडमनी न बघताच हात पुढे केला. "मालक हजर आहेत का? नसतील तर अधिकारपत्र द्या."

दिराने डोळ्यांनी खुणावलं. वहिनीने अधिकारपत्र काढलं. सहीची शाई अजून ओली चमकत होती. हे दिलं की काम फत्ते, नवरा आजच्या तारखेला कागदोपत्री जिवंत, आणि मग तो कधीच मेला नाही. ती दचकली. तिने ते घडी घालून पर्समध्ये कोंबलं आणि दाखला टेबलावर ठेवला.

"ते वारले, मॅडम." हे दोन शब्द तिने आजवर कोणापुढे म्हटले नव्हते.

मॅडमचा आवाज मऊ झाला. "मग घाबरताय कशाला? मयत माणसावर केस चालत नाही. त्यांच्या हयातीतली चलनं बंद होतील." कारकून पडद्यावर एकेका चलनाचा फोटो उघडू लागला. विनाहेल्मेट, विनाहेल्मेट, परत विनाहेल्मेट. प्रत्येक फोटोत तेच बोडकं डोकं. वहिनीला हसू आलं आणि रडूही.

कारकून मध्येच थांबला. "मॅडम, हे एक मृत्यूनंतरचं आहे. सिग्नलला पांढऱ्या पट्टीच्या पुढे थांबले."

सगळ्यांनी दिराकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नाही! तारीख बघ वहिनी. त्या दिवशी आपण दोघं याच दाखल्यासाठी रांगेत उभे होतो. किल्ली तर तुझ्या मशीनच्या खणात असते."

"कोणीतरी तुमच्या नंबरची पाटी लावून फिरत असेल," मॅडम म्हणाल्या. "तसं असेल तर हे इथे मिटवू नका. आपल्या गाडीचे फोटो जोडून वाहतूक शाखेकडे तक्रार करा. मात्र तोवर हे चलन थकलेलंच दिसेल. गाडी तुमचीच असेल, तर दंड भरा आणि आजच मोकळ्या व्हा. जबरदस्ती नाही. नीट बघून सांगा."

कारकुनाने फोटो मोठा केला. पाठमोरा माणूस, किंचित डावीकडे झुकलेला. सीटवर निळ्या फुलांचं कव्हर, कडेला अर्धी शिवण काळ्या दोऱ्याची आणि अर्धी हिरव्या. काळा दोरा मध्येच संपला होता तेव्हा वहिनीनेच ती पुरी केली होती. असं कव्हर दुसऱ्या गाडीला असणं शक्य नव्हतं.

आणि डोक्यावर लालभडक हेल्मेट होतं.

"गाडी आमचीच आहे," वहिनी म्हणाली. "दंड भरते."

"चालवत कोण होतं?" मॅडमनी विचारलं.

"घरचंच माणूस," वहिनी म्हणाली. दीर खाली मान घालून उभा राहिला.

पावती घेऊन दोघं बाहेर पडली. बसमधून उतरल्याबरोबर दीर स्टॉपवरूनच पळाला. गाडी आता तिच्या नावावर होणार होती. वहिनी भर दुपारी एकटीच जिन्यापाशी आली. साखळी, कुलूप, स्कूटर सगळं जागच्या जागी होतं.

घरात शिरून तिने दार लोटलं आणि मागे पाहिलं. हेल्मेट खिळ्यावर होतं. प्लास्टिकची पिशवी मात्र नीट घडी करून मशीनवर ठेवलेली होती. तिने हेल्मेट उतरवून आत हात घातला. अस्तर घामाने ओलं होतं, आणि अजून गरम.

वहिनी ते पोटाशी धरून मटकन खाली बसली. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त राग आला, जुना, संसारातला राग.

"एवढंच आधी ऐकलं असतं तर!" ती रिकाम्या खोलीला म्हणाली.