बिलावर नाव कुणाचं

अर्चनाचा हात चांगला, हे सासरी पहिल्याच दसऱ्याला ठरलं. तिनं घेतलेलं अर्ध्या तोळ्याचं पेंडल मोडायची वेळ कधी आली नाही आणि त्याच वर्षी घरात दोन सोयरिकी जमल्या. झालं! तेव्हापासून नात्यात कुणाला सोनं घ्यायचं म्हटलं की रायपूरच्या सदर बाजारात अर्चनाला नेल्याशिवाय पान हलेना. नुसतं नेऊन भागत नसे. पैसे तिच्या हातून जायला हवेत, बिलावरही तिचंच नाव हवं, तरच गुण लागतो म्हणे. अर्चनाला हे फार आवडायचं. चारचौघांत मान मिळत असेल तर कुणाला नाही आवडत?

पुढे सराफ दोन लाखांची रोकड घेईनात. तेव्हा नातेवाईक तिच्या हातात नोटा ठेवत, ती त्या आपल्या खात्यात भरी आणि दुकानात चेक देई. चेकवर तिची सही, म्हणजे हात तिचाच. सगळे खूश.

आणि मग आयकर विभागाची नोटीस आली. ईमेलवर आली, म्हणून तिनं ती आधी जाहिरात समजून सोडून दिली. नवऱ्यानं, उदयनं, ती उघडली आणि त्याचा चहा निवला. तुमच्या बचत खात्यात चौदा लाख रुपये रोख जमा झाले, तुम्ही विवरणपत्र भरलेलं नाही, तर हे उत्पन्न करातून सुटलं असं का समजू नये, असा सवाल होता. खाली निर्धारण वर्ष २०२२-२३.

अर्चनानं २०२२ चं पासबुक काढलं. त्यात चौदा लाख कुठले, चौदा हजारही एकदम भरलेले नव्हते. "खोटी नोटीस आहे," ती म्हणाली, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं.

शंकर नगरातल्या चेतना या सीए बाईंनी ते बरं वाटणं पाच मिनिटांत संपवलं. आधी त्यांनी नोटिशीवरचा क्रमांक विभागाच्या पोर्टलवर टाकून पाहिला. नोटीस खरी होती.

"आणि काकू, निर्धारण वर्ष म्हणजे कमाईचं वर्ष नाही. त्याच्या आधीचं वर्ष बघायचं असते. एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ काढा."

अर्चनानं पानं उलटली. ते इरावतीच्या लग्नाचं वर्ष होतं. इरावती म्हणजे तिच्या दिराची, नरहरीची मुलगी. पासबुकात रोख, रोख, रोख, अशा ओळी होत्या.

"पण मी तर कमवूनच नाही राहिली," अर्चना म्हणाली. "व्याजाचे चार पैसे येतात. मले काहून विचारून राहिले?"

"बचत खात्यात वर्षात दहा लाख किंवा जास्त रोख आली की बँकेला विभागाला सांगावंच लागते. त्यांना पैसा दिसला, रिटर्न दिसलं नाही, म्हणून विचारलं. ही टॅक्सची मागणी नाही, प्रश्न आहे. तुमची कमाई मर्यादेखाली होती, तर एवढ्या जमेनं रिटर्न सक्तीचं होत नाही. पण पैसा कुणाचा ते दाखवावं लागेल. ज्यांचा होता त्यांचं लेखी, त्यांचा पॅन, आणि त्यांच्याकडे तो कुठून आला ते."

"नाही दाखवलं तर?"

"तर तो तुमचाच धरतील. न सांगता येणारा पैसा. त्यातला पाऊण हिस्सा तरी करात जाईल."

उदयच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यानं पासबुक मिटून पिशवीत ठेवलं. त्यानं चिडावं असं अर्चनाला मनापासून वाटत होतं, कारण त्याचं हे शांतपण तिला सोसवेना.

नणंद अबोलीनं दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं, बँकेतून काढल्याचा उताराही दिला. मावशींनी शेत विकल्याचा कागद पाठवला. पाच लाखांचं निस्तरलं. उरले नऊ लाख, ते नरहरीचे. आणि इथंच घोडं पेंड खात होतं.

नरहरीचं अभनपूरला खताबियाण्याचं दुकान. अर्चना आणि उदय तिथं गेले तेव्हा त्यानं समोसे मागवले, गादी झटकून दिली, आणि विषय निघताच तोंड कडू केलं.

"वहिनी, ती दुकानाची नगद होती. सगळी थोडीच हिशेबात दाखवतो आपण? मी लिहून देतो न, तर उद्या मले नोटीस येईन."

"पण पैसा तुमचा होता न, भाऊजी?"

"खातं तुमचं, चेक तुमचा, बिलावर नाव तुमचं. मी काय म्हणू आता? तुम्ही बचत सांगा. बायकांची बचत, कोण विचारते!"

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. नोटा मोजून हातात ठेवताना हाच दीर पाया पडला होता. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आपण, असं तिच्या मनात आलं आणि राग असा दाटून आला की समोर नरहरीची बायको, धाकटी जाऊ सरोजिनी उभी आहे, याचंही तिला भान राहिलं नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पैसा माझा, बिलं माझी, तर मग सोनंही माझंच. इरावतीच्या अंगावरचं सगळं आणून द्या. पाटल्या, हार, सगळं. रविवारपर्यंत."

उदयनं तिचा दंड धरला. नरहरी हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. सरोजिनीनं समोशांची ताटली उचलली आणि ती आत निघून गेली.

घरी येईपर्यंत अर्चनाला रडू फुटलं. इरावतीला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्या पोरीचे दागिने उतरवायची भाषा आपण केली, याची तिला लाज वाटत होती. पण शब्द मागे घ्यावेत असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही, आणि त्याची लाज आणखी वेगळी.

शनिवारी सरोजिनी एकटीच आली. पाणीसुद्धा न घेता तिनं पिशवीतून लिफाफा काढला. आत नरहरीचं लेखी होतं. नऊ लाख माझे, मुलीच्या सोन्यासाठी वहिनींना दिले, दुकानाच्या विक्रीतले. खाली पॅन आणि सही.

"जेवले नाहीत ते दोन दिवस," सरोजिनी म्हणाली. "सही मी करवून आणली."

"बस न गं. मी काय खरंच—"

"हात चांगला होता तुमचा, ताई," सरोजिनी म्हणाली आणि चपला घालून निघाली.

चेतनानं मुदतीच्या आत उत्तर पोर्टलवर चढवलं, सोबत सगळ्यांची पत्रं आणि बिलं. काही आठवड्यांनी आदेश आला. खुलासा मान्य, प्रकरण पुढे चालवण्याजोगं नाही. उदयनं तो मोठ्यानं वाचला. ही बातमी सांगायला अर्चनानं सवयीनं फोन हातात घेतला, अभनपूरचा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. पंधरा दिवसांपूर्वी नरहरीला त्याची स्वतःची नोटीस आली होती. ते तिला अबोलीकडून कळलं होतं.

दसऱ्याला फोन वाजला नाही. अबोली म्हणाली, सरोजिनीनं यंदा सोनं आपल्या भावजयीच्या हातानं घेतलं. संध्याकाळी उदय म्हणाला, "चल. आपलंच घेऊन येऊ काहीतरी."

सदर बाजारात नेहमीची गर्दी होती. सराफानं हसून खुर्ची पुढे केली.

"आइये भाभीजी. इस बार किसके लिए?"

एवढ्या वर्षांत तिनं या दुकानातून किलोभर तरी सोनं नेलं असेल. तिनं काचेखालच्या अंगठ्यांवरून नजर फिरवली. मग एक साधी अंगठी बोटात घालून पाहिली. ती बरोबर बसली.

"मेरे लिए," अर्चना म्हणाली. सराफानं बिलावर तिचं नाव लिहिलं. त्या नावाकडे बघताना तिला आनंद व्हायला हवा होता, पण डोळे भरून आल्यामुळे तिला ते नीट वाचताही येईना.