चाळीस रेल्वे आणि एक नापास

उदगीर जिल्हा होणार, या भरवशावर सिद्रामप्पांनी आपल्या क्लासच्या पाटीवर 'जि. उदगीर' आधीच रंगवून घेतलं होतं. प्यायला पाणी नव्हतं, पण पाटी ओली होती. मी शाळेतून निवृत्त होऊन त्यांच्याकडे पोरांचे अर्ज तपासायला बसलो होतो. मोठ्या संस्थांच्या प्रवेशअर्जात 'पर्सनल स्टेटमेंट' लागतं. तुम्ही कोण, इथवर कसे आलात आणि हाच अभ्यासक्रम का, हे आठशे शब्दांत सांगायचं.

आदल्या वर्षी एका मुलीनं एकाच प्रसंगावर स्टेटमेंट लिहिलं आणि तिला प्रवेश मिळाला. झालं, सिद्रामप्पांना पॅटर्न सापडला. या वर्षी चाळीस पोरं आणि प्रसंग एकच: लातूरला पाण्याची रेल्वे आली आणि माझे डोळे भरून आले. चाळीस वेळा रेल्वे आली, चाळीस वेळा डोळे भरले. एवढं पाणी होतं तर रेल्वे कशाला मागवली, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी गप्प बसून स्वल्पविराम दुरुस्त केले. त्याची मला अजून लाज वाटते.

त्या चाळिसांत रेल्वेचा हक्कदार एकटा संगप्पा होता. लातूर स्टेशनात पाण्याच्या रेल्वेच्या वाघिणींना पाइप जोडायच्या कामावर तो खरोखर होता. एक जोड गळत होता, तो त्यानं कसा बसवला आणि तेव्हा त्याच्या मनात काय आलं, हे त्यानं लिहिलं होतं. एकच प्रसंग अशालाच शोभतो, ज्यानं त्यात काहीतरी केलंय आणि ज्याचा विचार तिथून पुढे सरकलाय. बाकीचे नुसते बघे, तेही बरेचसे टीव्हीवरचे. त्यातल्या वीरभद्राचं तर हसूच येई. रक्तदान शिबिर, पथनाट्य, गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे फॉर्म भरून देणं, असं त्याचं चहूकडे विखुरलेलं काम. माणसांना सरकारी कागद समजावून सांगणं, हा त्यातला धागा धरून विषयवार लिहिलं असतं तर पोरगा उठून दिसला असता. त्याऐवजी तोही फलाटावर रडत उभा.

आणि सिंधु. जळकोटची. पाणी व्यवस्थापनाच्या एम.ए.ला अर्ज करत होती. वयाची अट होती, हे तिचं शेवटचं वर्ष. या वेळी हुकलं तर दार कायमचं बंद. तिची रेल्वे वाचून मी विचारलं, तू कुठं उभी होतीस?

"म्या रेल्वे पाह्यलीच न्हाई सर. त्या दिशी पंचायतीत टँकरच्या खेपा लिहीत बसले होते."

मग हळूहळू सगळं निघालं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी ती केमिस्ट्रीत नापास झाली होती. वर्ष वाया गेलं म्हणून पंचायतीत नोंदी करायला बसली. खेपा वाढतात तरी ओरड का थांबत नाही, हे कळेना, म्हणून दर सोमवारी गावातल्या अकरा विहिरींत दोर सोडून पाणी मोजू लागली. ते समजून घ्यायला पुन्हा पुस्तकं उघडली आणि पदवी पुरी केली. एका गोष्टीतून दुसरी निघत गेली होती. हे सालवारच सांगायला हवं होतं, पण जन्मापासून नव्हे, नापासापासून. गुणपत्रिकेतला खड्डा निवडसमितीला दिसणारच होता. तो कसा ओलांडला, हे तिनं क्रमानं सांगितलं नसतं, तर त्यांनी आपल्या मनानं काहीही धरलं असतं.

सिद्रामप्पा भडकले. नापास आपल्या तोंडानं सांगायचं? क्लासची अब्रू काय राहील? सिंधुनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मात्र मी बोललो. म्हणालो, अब्रू तुमची, शेवटचं वर्ष तिचं. त्यांनी माझं टेबल जिन्याखाली हलवलं. तिथंच बसून तिनं सगळं पुन्हा लिहिलं.

निवड दोघांची झाली, संगप्पाची आणि सिंधुची. निरोप आला तेव्हा सिंधु आधी जिन्याखाली माझ्याकडे आली. मला लई आनंद झाला. इतका, की मी सिद्रामप्पांनाही पेढा दिला.

त्यांनी पेढा खाल्ला आणि सिंधुच्या फोटोचा फ्लेक्स लावला. माझं टेबल पुन्हा वर नेलं. तिच्या स्टेटमेंटच्या झेरॉक्स काढल्या आणि नव्या बॅचला वाटल्या. मी ओरडून सांगितलं, ज्याचं त्याचं आयुष्य बघून बांधणी ठरते हो. ते म्हणाले, तुमचाच तर पॅटर्न आहे, गुरुजी.

परवा गुरम्मा नावाची मुलगी माझ्या टेबलापाशी आली. दहावीपासून एकदाही नव्वदच्या खाली न आलेली. हातात वही, चेहऱ्यावर काळजी.

"सर," तिनं विचारलं, "मी कोणत्या विषयात नापास झाले म्हणून लिहू?"