अकरा मीटर आणि वर एक

या एका फरशीतून जावयाला तीन गोष्टी मिळणार होत्या. पहिली, ठरलेल्या रकमेतून काँक्रीट आणि मजुरी वजा जाता उरेल तो नफा. दुसरी, सासऱ्यांच्या नव्या गोदामाचं काम, जे या फरशीपेक्षा पाचपट मोठं होतं. तिसरी सगळ्यात मोलाची: सासरवाडीत त्याला पाठीमागे ‘अपुरे’ म्हणायचे, ते बंद होणार होतं. हे काही त्याचं आडनाव नव्हतं. पण त्याच्या कामावर वाळू, विटा, खिळे, काही ना काही शेवटच्या घटकेला कमी पडायचंच. कंजूष म्हणावं इतका तो वाईट नव्हता, आणि उदार म्हणावं असा प्रसंग अजून यायचा होता.

सासऱ्यांचा फर्निचरचा कारखाना. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, आत मातीची जमीन. तिथं लाकूड कापायचं जड यंत्र बसवायचं होतं. सासऱ्यांनी अट घातली ती सरळ होती.

“जावईबापू, फरशी एका दमात पडली पाहिजे. मध्येच माल संपला, कडेचं सुकलं, आणि उद्या नवा माल त्याला चिकटवला, तर तिथे जोड राहतो. माझं यंत्र त्या जोडावर थरथरलं की वर्षभरात तडा. असा जोड दिसला तर गोदामाचं काम दुसऱ्याला.”

“मामा, यंदा हिशेब असा करतो की तुम्हीच पाहत राहाल.”

“पाहतोच आहे, लग्न झाल्यापासून.”

जावई त्या दिवशी खरंच जिद्दीला पेटला. जाडी पंधरा सेंटीमीटर हवी, म्हणजे दहा गुणिले सहा गुणिले पंधरा शतांश, नऊ घनमीटर. हे तर शाळेतलं पोरही सांगेल. खरी मेख जमिनीत. जमीन काही पाटीसारखी सपाट नसते. कुठे खळगा, कुठे उंचवटा. म्हणून त्यानं तयार फरशीच्या उंचीला लांबीतून भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या ताणल्या आणि दर मीटरला दोरीपासून जमिनीपर्यंतची खोली टेपनं मोजली. सरासरी सतरा सेंटीमीटर भरली. म्हणजे दहा पूर्णांक दोन. वर पाच टक्के नासाडी, कारण थोडं फळ्यांना चिकटतं, थोडं हातगाड्यातून सांडतं, थोडं गाडीच्या पोटात राहतं. झाले दहा पूर्णांक सात. त्यानं एकदम अकरा घनमीटर, धंद्याच्या भाषेत अकरा मीटर, धरले आणि स्वतःच्या दिलदारपणावर खूश झाला.

फक्त दोरीच्या बाबतीत त्यानं आपला स्वभाव सोडला नव्हता. नायलॉनची नवी दोरी घ्यायची सोडून त्यानं घरातली जाड सुती दोरी वापरली होती. दोरीच तर आहे, असं त्याचं म्हणणं.

माल मागवायचा फोन नेहमीप्रमाणे बायकोनं केला. धंद्याचे फोन तीच करायची, कारण तो घासाघीस करत बसे आणि समोरचा फोन ठेवून देई.

सकाळी तयार काँक्रीटची पहिली गाडी कारखान्याच्या मागच्या शटरला लागली. चालकानं पावती पुढे केली. जावयानं सही करता करता वाचलं: सहा मीटर, मागणी एकूण बारा.

तो बायकोकडे वळला. ती अंगणात चहा गाळत होती.

“मी अकरा सांगितले होते.”

“सांगितले होते खरे.”

“मग बारा कसे?”

“तुम्ही सांगता त्यात मी एक घालते.”

“कधीपासून?”

“बरीच वर्षं. तुम्हाला आत्ता कळलं. गेल्या खेपेला घालायला विसरले, तर ‘अपुरे’ नावाची पाटीच लागली तुम्हाला माहेरी.”

ठरलेल्या रकमेत काम घेतलेलं, म्हणजे जादा मीटरचा भुर्दंड त्याच्याच नफ्यातून. पण सासरे जवळच उभे होते, कान टवकारून. रडण्यापेक्षा मिरवावं हे बरं, असा विचार करून तो मोठ्यानं म्हणाला, “मामा, माल चांगला मीटरभर उरणार आहे. तुमच्या बाजूच्या दाराला लाकडं चढवायला रॅम्प नाही ना? देतो करून. माझ्याकडून भेट.”

“भेट?” सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. “तुमच्याकडून? थांबा, सगळ्यांना बोलावतो.”

मिस्त्री जुना माणूस. त्यानं फरशीच्या उंचीच्या खुंट्या पाणी भरलेल्या नळीनं पातळी धरून आधीच ठोकून ठेवल्या होत्या, आणि त्या खुंट्यांच्या डोक्याला धरून काम चाललं होतं. पहिली गाडी रिकामी झाली तेव्हा काँक्रीट बरोबर कारखान्याच्या मध्यापर्यंत आलं होतं.

“शेट, सहा मीटर इथेच संपले,” मिस्त्री म्हणाला. “अजून पुढे जायला हवे होते ना?”

“सुरुवातीला जास्तच खातं,” जावई म्हणाला, आणि फळ्या ठोकून रॅम्पची चौकट करायला धावला. दोन मीटर रुंद, दीड मीटर लांब. दुसरी गाडी लागली, तसे त्यानं पहिले दहा हातगाडे रॅम्पकडे वळवले. सासरे समाधानानं पाहत होते. जावयालाही वाटलं, उदारपणाला खर्च येतो खरा, पण छाती किती रुंद होते.

मग फरशी शटरकडे सरकत आली. गाडीचं पिंप घरघरलं, शेवटचा गोळा घसरगुंडीवरून पडला आणि नुसतं मळकं पाणी निथळू लागलं. शटरजवळचा एक कोपरा, चांगली खाट मावेल एवढा, तसाच उघडा.

सासऱ्यांनी घसा खाकरला, तेवढ्यानं जावयाचे कान तापले.

त्यानं वाकून उघड्या कोपऱ्यात टेप लावला, भिंतीजवळचा तो आकडा जुळला. मग कारखान्याच्या मध्यावर किती खोल भरलं ते मिस्त्रीला विचारलं. “मध्ये बावीस भरले होते,” मिस्त्री म्हणाला. जावयाच्या टेपनं तिथे एकोणीस दाखवले होते. तीन सेंटीमीटर कुठे गेले ते त्याला लगेच दिसलं: भिंतीवरच्या खिळ्याला ती सुती दोरी अजून लोंबत होती. मोजताना दहा मीटरच्या पल्ल्यात ती मध्ये झोळीसारखी खाली आली होती, आणि तो त्या झोळीपासून खाली मोजत गेला होता. दोरी जितकी वाकली, तितका खड्डा कमी दिसला. सरासरी दोन सेंटीमीटर धरले तरी साठ चौरस मीटरला एक मीटर आणि वर थोडं. नासाडीसकट बाराच लागणार होते, वर एक थेंब नाही.

आता मालाची तिसरी गाडी यायला दुपार होणार, आणि दुपारपर्यंत कड सुकून जोड पक्का. जावई घामाघूम झाला.

बायकोनं चहाची कपबशी खाली ठेवली. “रॅम्प ओला आहे ना अजून?”

“आहे.”

“मग उभे काय राहिलात?”

जावयानं स्वतः फावडं घेतलं. भेट दिलेली वस्तू सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत, घमेल्या-घमेल्यानं परत घ्यावी लागणं ही शिक्षा कुठल्या कायद्यात नसेल. मिस्त्रीनं कोपऱ्यातली कड ओली आहे तोवर माल आत खुपसून एकजीव केला, फळी फिरवली, आणि शेवटचं घमेलं पडलं तेव्हा फरशी अगदी काठोकाठ झाली. रॅम्पच्या चौकटीत मूठभर खडी उरली.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “अशी भेट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आली आणि गेली, चहा निवायच्या आत.”

“रॅम्प उद्या करून देतो, मामा. हातानं कालवून.”

“द्याच. आणि गोदामाचं काम तुमचं. जोड नाही, शब्द म्हणजे शब्द. फक्त माल किती, ते माझी लेक ठरवेल.”

“मग मी काय ठरवायचं?” जावयानं विचारलं.

“दोरी,” बायको म्हणाली. “नायलॉनची.”

शेवटचा हिशेब असा. बारावा मीटर जावयाच्या नफ्यातून गेला. दुसऱ्या दिवशीची सिमेंटची पोती, वाळू, खडी त्याच्याच खिशातून, आणि कालवण्याची मेहनत त्याच्याच पाठीतून. मिस्त्रीचा एक कप चहा निवला. सासऱ्यांना रॅम्प एक दिवस उशिरा मिळाला, म्हणजे त्यांना खर्च आला तो फक्त वाट पाहण्याचा. आणि जिनं एक मीटर चोरून घातला, तिला दमडीही भरावी लागली नाही.